पाळी लांबली, म्हणून काळजी मिटली असे नव्हे

आपल्या आजोळची भावंडे एकदा आठवून पाहा. बहुतेक कुटुंबांत एखादे शेंडेफळ सापडते. थोरल्या बहिणीचे लग्न होऊन तिच्या कडेवर मूल आले आणि त्याच सुमारास आईलाही दिवस गेले, असे घडलेले असते. मग मामा भाच्याच्या बरोबरीचा, कधी त्याच्याहूनही धाकटा निघतो. अशा शेंडेफळाच्या आईला विचारले असते, तर तिने बहुधा एकच उत्तर दिले असते, ‘पाळी जायला लागली होती, मला वाटले आता संपले सारे.’

हे उत्तर जुन्या काळाचे वाटले, तरी ते जुने झालेले नाही. पाळी अनियमित होऊ लागलेल्या पंचेचाळिशीच्या स्त्रीला गर्भनिरोधनाची गरज उरते का, आणि उरत असेल तर किती काळ, हा प्रश्न आज अनेक घरांत उभा राहतो. पण मोठ्याने विचारला मात्र जात नाही. प्रस्तुत लेख आपणांस, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना उद्देशून आहे. त्याचे कारण असे की, या वयातील सून किंवा लेक पहिला सल्ला बहुधा घरातल्या मोठ्या बाईकडूनच घेते, आणि तो सल्ला चुकण्याचा संभव या विषयात बराच आहे.

तो चुकतो यात आपला दोष नाही. आपल्या पिढीतील असंख्य स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया दुसऱ्या-तिसऱ्या अपत्यानंतर, पंचविशीच्या आसपासच झाली. त्यामुळे पुढे पाळी लांबली, थांबली, पुन्हा आली, तरी दिवस जाण्याची धास्ती त्यांच्या मनाला शिवली नाही. महाराष्ट्रात आजही हा मार्ग सर्वांत प्रचलित आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. अशा स्त्रियांना, तसेच ज्यांच्या पतीची नसबंदी झाली आहे त्यांना, आणि जिची गर्भपिशवी काढली आहे तिला, वेगळ्या गर्भनिरोधनाची गरज नाही. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. ज्यांनी तांबी बसवली, गोळ्या घेतल्या, निरोध वापरला किंवा काहीच केले नाही, त्यांना चाळिशीनंतरची ही आठ-दहा वर्षे हिशेबाने काढावी लागतात.

एका घरातील हिशेब

हा हिशेब समजण्यासाठी शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या गावचे घर डोळ्यांसमोर आणू या. घर कापसाची शेती करणारे आहे. सून ४६ वर्षांची, दोन मुले मोठी झालेली. धाकट्याच्या जन्मानंतर, ३६ व्या वर्षी, तिने तांबी बसवून घेतली होती. सरकारी दवाखान्यात मिळणारी कॉपर-टी ३८०-ए ही तांबी दहा वर्षे चालते. दहा वर्षे भरली, तेव्हा उपकेंद्रातील परिचारिकेने तिला तारखेची आठवण करून दिली आणि मे महिन्यात तांबी काढण्यात आली. ‘दुसरी बसवायची का?’ असे तिला विचारले गेले. तिने घरी येऊन सासूबाईंना विचारले. सासूबाई म्हणाल्या, ‘आता तुझं वय झालं. पाळीसुद्धा दोन-दोन महिन्यांनी येते. कशाला परत ते घालून घेतेस?’ ही सून आणि ही सासू कल्पित आहेत. परंतु असा संवाद अनेक घरांत झालेला असेल.

आता तिच्या पाळीच्या तारखा पाहू. वर्षाच्या आरंभी तिची पाळी कधी २४ दिवसांनी, कधी ४१ दिवसांनी, कधी ५८ दिवसांनी येत होती. तांबी काढल्यानंतर १४ जूनला पाळी आली. जुलै कोरडा गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबरही गेला. अंगातून अधूनमधून वाफा येऊ लागल्या, रात्री घाम येऊन झोपमोड होऊ लागली. घरात सर्वांनी मानले की पाळी गेली. आणि ९ ऑक्टोबरला, कापूस वेचणीच्या धांदलीत, ती पुन्हा आली. दोन पाळ्यांमध्ये ११७ दिवसांचे अंतर पडले.

पाळी परत आली, एवढीच गोष्ट घरच्यांच्या लक्षात आली. तिच्यामागे दडलेली गोष्ट मात्र कोणालाच दिसली नाही. पाळी ही महिन्याच्या कामाची सुरुवात नसून शेवट असतो. आधी बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते, गर्भाशयाचे अस्तर तयार होते, गर्भ राहिला नाही की सुमारे दोन आठवड्यांनी ते अस्तर गळून पडते, तीच पाळी. म्हणजे ९ ऑक्टोबरच्या पाळीआधी स्त्रीबीज बाहेर पडले असेल, तर ते २५ सप्टेंबरच्या आसपास पडले असणार. स्त्रीबीज सुमारे एक दिवस टिकते, पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून २० ते २५ सप्टेंबर हे दिवस गर्भ राहण्याच्या शक्यतेचे होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सारे घर ‘पाळी गेली’ या समजुतीने निश्चिंत होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. या वयात येणाऱ्या प्रत्येक पाळीआधी स्त्रीबीज बाहेर पडतेच असे नाही. पुष्कळ पाळ्या बीजावाचूनच येतात, आणि बाहेर पडणाऱ्या बीजांतही गर्भ धरण्याची क्षमता तरुणपणाच्या मानाने बरीच कमी असते. म्हणून पंचेचाळिशीनंतर दिवस जाण्याची शक्यता खरोखरच घटलेली असते. परंतु ती शून्य झालेली नसते, आणि कोणत्या महिन्यात बीज येणार हे बाहेरून कोणालाही ओळखता येत नाही. पाळी नियमित असताना जी स्त्री ‘धोक्याचे दिवस’ मोजून निभावत आली, तिची ती मोजणीही आता निरुपयोगी ठरते; कारण जी पाळी केव्हा येणार हेच ठाऊक नाही, तिच्या आधीचे चौदा दिवस मोजायचे कोठून?

मोजणी शेवटच्या पाळीपासून

मग थांबायचे केव्हा? याचा प्रचलित वैद्यकीय नियम सोपा आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत येऊन गेली असेल, तर त्या पाळीपासून सलग दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल, तर सलग एक वर्ष पुरेसे आहे. आणि वयाची ५५ वर्षे पूर्ण झाली की बहुतेक सर्व स्त्रियांनी गर्भनिरोधन थांबवण्यास हरकत नाही. त्या वयात आपोआप दिवस जाणे अत्यंत दुर्मीळ असते.

लहान वयाला दोन वर्षे आणि मोठ्या वयाला एकच, हे उलटे वाटेल. पण त्यामागे कारण आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. तरीही चव्वेचाळीस-सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीमध्ये वर्षभराच्या खंडानंतरही बीजांडकोश पुन्हा एखाद्या वेळी जागा होण्याचा संभव असतो. बावन्न वर्षांच्या स्त्रीमध्ये तो संभव फारच थोडा असतो. म्हणून लहान वयाच्या स्त्रीने अधिक थांबायचे.

ही गोष्ट आपल्याकडे विशेष लागू पडते. पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ते ४६-४७ च्या सुमाराचे आढळते. म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य स्त्रियांची शेवटची पाळी पन्नाशीच्या आतच येऊन गेलेली असते. साहजिकच त्यांना ‘एक वर्ष’ नव्हे, तर ‘दोन वर्षे’ हाच नियम लागतो. ‘वर्ष झाले, आता काही नको’ हा सल्ला आपल्या घरांत सर्रास दिला जातो. तो बहुतेकींच्या बाबतीत एक वर्ष आधीच दिलेला असतो.

आता आपल्या उदाहरणातील सुनेकडे परत येऊ. १४ जूनपासून सुरू झालेली मोजणी ९ ऑक्टोबरला पुसली गेली आणि नव्याने सुरू झाली. समजा, पुढची पाळी २ मार्चला आली, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांनी. मोजणी पुन्हा पुसली, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. या वेळी तिला सत्तेचाळीसावे वर्ष पूर्ण झालेले आहे. यानंतर पाळी आलीच नाही, तर दोन वर्षांनंतरच्या २ मार्चला, म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी, ती गर्भनिरोधन निर्धास्तपणे थांबवू शकते. मध्ये एकदा जरी पाळी आली, तरी तेथून पुन्हा दोन वर्षे. हे कंटाळवाणे आहे खरे. पण यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर आणि एक पेन्सिल एवढेच साहित्य पुरते. पाळीच्या पहिल्या दिवसावर खूण करायची, नुसते डाग दिसले तरी त्याची वेगळी खूण करायची, आणि वर्ष संपले की जुने कॅलेंडर फेकून न देता खिळ्यावर नव्याच्या मागे अडकवून ठेवायचे. डॉक्टरांकडे जाताना हीच नोंद सर्वांत उपयोगी पडते.

‘रक्त तपासून एकदाच काय ते कळणार नाही का?’ असा प्रश्न येथे कोणी करील. पाळी जाताना एफएसएच नावाचे संप्रेरक रक्तात वाढते आणि त्याची तपासणी शहरातील प्रयोगशाळांत होते. परंतु पाळी अनियमित असण्याच्या काळात हे संप्रेरक एका महिन्यात खूप चढते, तर दुसऱ्या महिन्यात खाली येते, आणि त्याच महिन्यात स्त्रीबीजही बाहेर पडू शकते. म्हणून केवळ एका अहवालाच्या आधारावर गर्भनिरोधन सोडणे योग्य नाही. अंगातून वाफा येणे, घाम सुटणे, चिडचिड होणे ही लक्षणेही पाळी जाण्याच्या वाटेवरची आहेत. वाट संपल्याची ती खूण नव्हे.

कोणते साधन या वयाला मानवते

सुनेने काय निवडावे, हे तिच्या प्रकृतीवर आणि पाळीच्या स्वरूपावर ठरते. येथे एक धागा धरून पाहिले की निवड सोपी होते. जे साधन पाळीच्या चक्रात ढवळाढवळ करीत नाही, त्याच्या सोबतीने वरील मोजणी करता येते. जे साधन पाळी बदलते किंवा थांबवते, त्याच्यासोबत कॅलेंडर वाचता येत नाही.

निरोध हे पहिल्या प्रकारातील सर्वांत साधे साधन. तरुणपणी त्याच्या वापरात चूक झाली तर दिवस जाण्याची शक्यता बरीच असते. या वयात मुळातच शक्यता घटलेली असल्याने नेमाने वापरलेला निरोध पुष्कळ विश्वासार्ह ठरतो. त्याने शरीरात काहीही बदल होत नाही. तो सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतो. अडचण एवढीच, की त्यासाठी पतीची तयारी लागते आणि ‘आता या वयात?’ हा संकोच ओलांडावा लागतो.

तांबी हेही पाळीचे चक्र न बदलणारे साधन. वयाच्या चाळिशीनंतर बसवलेली तांब्याची तांबी रजोनिवृत्तीपर्यंत तशीच राहू दिली तरी चालते, मग तिची छापील मुदत संपली तरी, असे तज्ज्ञ मानतात. आपल्या उदाहरणातील सुनेची तांबी मात्र ३६ व्या वर्षी बसवलेली होती. तिला ही सवलत लागू नव्हती, म्हणून ती काढणे बरोबरच होते. नवी बसवली असती, तर ती ४६ व्या वर्षी बसवलेली ठरून पाळी जाईपर्यंत पुरली असती. तांबीची एक मर्यादा आहे. तिने रक्तस्राव थोडा वाढतो. ज्या स्त्रीला या वयात आधीच फार अंगावर जात असेल आणि रक्त कमी झाले असेल, तिला ती सोसत नाही. अशा स्त्रीसाठी संप्रेरकयुक्त तांबी असते. ती गर्भनिरोधनही करते आणि रक्तस्रावही पुष्कळ कमी करते. ती तांब्याच्या तांबीपेक्षा बरीच महाग पडते. परंतु अति रक्तस्रावाने त्रस्त स्त्रीला एकाच साधनात दोन्ही गोष्टी साधतात. तिने पाळी जवळजवळ थांबत असल्याने मोजणी मात्र करता येत नाही. म्हणून पंचेचाळिशीनंतर बसवलेली अशी तांबी गर्भनिरोधनासाठी ५५ व्या वर्षापर्यंत राहू देतात.

गोळ्या आणि इंजेक्शने यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. सरकारी योजनेतील ‘माला-एन’सारख्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला दरमहा रक्तस्राव होतो. तिला वाटते की आपली पाळी अजून चालू आहे. वस्तुतः तो गोळीच्या खंडामुळे येणारा रक्तस्राव असतो. आतली पाळी केव्हा गेली ते त्यावरून कळत नाही. शिवाय चाळिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी, पायांत रक्ताची गुठळी होण्याचा पूर्वेतिहास किंवा बिडी-सिगारेटचे व्यसन असेल, तर या गोळ्या हृदयाला आणि मेंदूला धोक्याच्या ठरतात. मिश्री लावण्याची सवय असल्यास तीही डॉक्टरांपासून लपवू नये. प्रकृती उत्तम असलेल्या स्त्रीनेही पन्नाशी गाठताच या गोळ्या थांबवून दुसरे साधन घ्यावे.

तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन अनेकींची पाळी पूर्णपणे बंद करते. ते सोडल्यावरही पाळी परत यायला कित्येक महिने लागू शकतात. त्यामुळे पाळी इंजेक्शनाने थांबली की वयाने, हे ओळखणे अवघड होते. हाडांची घनता त्याने काहीशी घटते, आणि पाळी जाण्याच्या वयात हाडे तशीही झिजू लागतात. म्हणून तेही पन्नाशीनंतर घेत नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘छाया’ ही गोळी संप्रेरकाची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते. तिने पाळी लांबते. पाळी आधीच लांबत असताना ही गोळी सुरू केली, तर ‘गोळीने लांबली, वयाने लांबली, की दिवस गेले?’ असा तिहेरी घोळ होतो. ती घ्यावयाची असल्यास हे आधी समजून घ्यावे.

शस्त्रक्रियेचा विचारही मनात येईल. दोन-चार वर्षांच्या गरजेसाठी सत्तेचाळिसाव्या वर्षी स्त्रीने पोटाची शस्त्रक्रिया करून घेणे सहसा हिशेबात बसत नाही. पतीची बिनटाक्याची नसबंदी त्यामानाने कितीतरी सोपी आहे. मात्र तिचा परिणाम लगेच सुरू होत नाही. सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरून, मग वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यावी लागते.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. अंगातून वाफा येणे, झोप न लागणे यांसाठी काही स्त्रियांना डॉक्टर संप्रेरकांची उपचारगोळी देतात. ‘हार्मोन चालू आहेत, म्हणजे गर्भनिरोधन झाले’ असे समजू नये. उपचारासाठी दिलेल्या त्या मात्रेने स्त्रीबीज बाहेर पडणे थांबेलच अशी खात्री नसते. त्या स्त्रीलाही पाळी जाईपर्यंत वेगळे साधन लागते.

शंका आली तर

या वयात दिवस गेल्याचे लक्षात येण्यास फार उशीर होतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. पाळी चुकणे, मळमळणे, थकवा, छाती जड वाटणे ही गर्भारपणाची लक्षणे. आणि पाळी जाण्याच्या काळातही यांतील बहुतेक लक्षणे दिसतात. घरातील बाई म्हणते, ‘वयाचा परिणाम आहे.’ पोट दिसू लागते, तेव्हा चौथा-पाचवा महिना उजाडलेला असतो. म्हणून नियम असा ठेवावा : गर्भनिरोधन न वापरता संबंध आला असेल आणि पाळी लांबली असेल, तर शेवटच्या संबंधानंतर तीन आठवडे झाल्यावर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. तिची पट्टी औषधांच्या दुकानात मिळते, आणि आशाताईंकडेही ‘निश्चय’ नावाने विनामूल्य मिळते. संबंध येऊन तीन दिवसही झाले नसतील, तर तातडीची गर्भनिरोधक गोळी या वयातही घेता येते. मात्र ती जितक्या लवकर घ्यावी तितका तिचा उपयोग अधिक.

तपासणी होकारार्थी आली, तर वेळ दवडू नये. पंचेचाळिशीतील गर्भधारणेत सुमारे निम्म्या गर्भधारणा आपोआप गळून जातात. आईला रक्तदाब आणि मधुमेह जडण्याची शक्यता वाढते. बाळात डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता विशीतल्या आईच्या मानाने अनेक पटींनी वाढून सुमारे तीसात एक इतकी होते. तरीही मूल हवे असेल, तर लवकर नाव नोंदवून धुळ्यासारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात तपासणी सुरू करावी. नको असेल, तर कायदा स्त्रीच्या बाजूने आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरणे हे वीस आठवड्यांपर्यंत गर्भपातासाठी मान्य कारण आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीची सही कायद्याने आवश्यक नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुकानातून गोळ्या आणून घरीच गर्भपात करण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये. या वयात गर्भ किती आठवड्यांचा आहे याचा अंदाज पाळीवरून लागतच नाही, आणि तेथेच घात होतो. तांबी असताना किंवा शस्त्रक्रिया झालेली असताना तपासणी होकारार्थी आली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते. तेव्हा रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

उलट बाजूची एक खूणही ध्यानात ठेवावी. बारा महिने पाळी न येता नंतर रक्तस्राव झाला, अगदी डाग दिसले तरी, ‘पाळी परत आली’ असे म्हणून सोडून देऊ नये. गर्भाशयाच्या अस्तराचा विकार किंवा कर्करोग यांची ती पहिली सूचना असू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

वडीलधाऱ्यांचे काम

मराठी समाजात या विषयाची चर्चा नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. शंभर वर्षांनंतरही चाळिशी उलटलेल्या स्त्रीने डॉक्टरांना हा प्रश्न विचारला, तर ‘या वयात काय विचारते’ अशा नजरेची तिला भीती वाटते. ती भीती घालवणे सासूबाईंच्या किंवा आईच्या हाती आहे. ‘तुझी शेवटची पाळी कधीची? दोन वर्षे झाली का?’ एवढे दोन प्रश्न पुरेत. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिंदखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाताना कॅलेंडर सोबत न्यावे, रक्तदाब मोजून घ्यावा, आणि तांबी असेल तर ती कोणत्या वर्षी बसवली ते सांगावे.

शेवटी आपल्या स्वतःसाठी एक प्रश्न. आपण कधी काळी तांबी बसवून घेतली होती का? आणि ती काढल्याचे आपणांस आठवते का? पाळी गेल्यावर तांबीचे काम संपते, पण ती आपोआप बाहेर येत नाही. कित्येक स्त्रिया ती विसरून जातात आणि साठी-सत्तरीत पोटदुखी, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा रक्ताचे डाग दिसू लागल्यावर सोनोग्राफीत ती सापडते. पाळी जाऊन आवश्यक ती मुदत पूर्ण झाली, की तांबी काढून टाकणे हाच या हिशेबाचा शेवट आहे. सुनेला दवाखान्यात घेऊन जाल, त्याच दिवशी आपलीही तपासणी उरकून घ्यावी.